‘सवेत्स्काया’ नकाशात का सापडत नाही: बिश्केकमधल्या एका पत्त्याचं प्रकरण

किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, डॉक्टरकी शिकायला महाराष्ट्रातून पुष्कळ मुलं जातात. पहिलं वर्ष होस्टेल, कॉलेज आणि मेस या तीन ठिकाणांमध्येच निघून जातं, आणि तिन्ही ठिकाणी सीनियर सोबत असतात. पत्त्याचा खरा प्रश्न उभा राहतो तो होस्टेल सोडून फ्लॅट शोधायची वेळ येते तेव्हा. रस्त्यावरच्या पाट्या किरगिझ आणि रशियन अशा दोन भाषांत असतात, पण दोन्हींची लिपी सिरिलिकच. मधल्या भागात काही ठिकाणी रोमन अक्षरं दिसतात, जरा बाहेर गेलं की तीही मिळतीलच असं नाही.

हे प्रकरण नांदेडकडच्या एका विद्यार्थिनीचं आहे. दुसऱ्या वर्षाला असताना तिला दोन मैत्रिणींसोबत एक फ्लॅट बघायला जायचं होतं. घरमालकीण रशियन बोलणारी. तिच्याशी फोनवर बोलला तो एक सीनियर दादा. त्याला कामापुरती रशियन येत होती, आणि त्याने मुलींना व्हॉइस नोट पाठवली: “सवेत्स्काया आणि अखुनबाएवा जिथे क्रॉस होतात तिथे उतरा, नऊ मजली बिल्डिंग आहे, पन्नास नंबरचा फ्लॅट.” घराचा नंबरही त्याने सांगितला होता, तो इथे देत नाही. नोव्हेंबर होता, सहाच्या आत अंधार पडत होता. सांगितलेलं सगळं बरोबर होतं, एकही चूक नव्हती. तरी मुली त्या चौकात उभ्या राहूनही चौक शोधत होत्या.

कानाने ऐकलेलं स्पेलिंग

तिने नकाशात पहिल्यांदा टाइप केलं Savetskaya. व्हॉइस नोटमध्ये तसंच ऐकू येत होतं. पण रशियनमध्ये हे नाव `Советская` असं लिहितात, म्हणजे अक्षराला अक्षर लावलं तर ‘सोवेत्स्काया’. रशियन बोलण्यात ज्या ‘ओ’वर आघात नसतो तो ‘अ’सारखा उच्चारला जातो. त्यामुळे ‘सोवेत्स्काया’ कानाला ‘सवेत्स्काया’ वाटतं, आणि `Московская` हे ‘मस्कोफ्स्काया’ वाटतं. आपला मराठी कान ऐकलं ते तंतोतंत पकडतो आणि तसंच लिहून काढतो. देवनागरीत लिहिताना ही सवय चांगली, इथे मात्र ती नडते, कारण नकाशात साठवलेलं असतं ते लिहिण्याचं रूप.

याहून अवघड उदाहरण आहे गोर्कीच्या नावाच्या रस्त्याचं. पाटीवर `Горького` असतं. अक्षरं वाचली तर ‘गोर्कोगो’, पण माणसं म्हणतात ‘गोर्कवा’, कारण या शेवटात `г` लिहायचा आणि ‘व’ बोलायचा असा रशियनचा नियम आहे. कानावर विसंबलेला माणूस Gorkova लिहील. अक्षरं वाचून लिहिणारा Gorkogo लिहील. नकाशात इंग्रजी नाव भरणाऱ्याने कदाचित Gorky Street लिहिलेलं असेल. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि तिघांची स्पेलिंगं एकमेकांशी जुळत नाहीत.

तिने नंतर Sovetskaya केलं. नाव सापडलं, पण पिन पडली शहराबाहेरच्या एका गावात. सोव्हिएत काळात गावोगावी एक सोवेत्स्काया रस्ता असे आणि त्यातले पुष्कळ अजून आहेत. शहराचं नाव सोबत न टाकता असं नाव शोधलं की ॲपला जो सापडेल तो ते दाखवतं.

मग तिने दुसरं नाव घेतलं: Akhunbaev. यावर ॲपने तिला मेडिकल अकॅडमी दाखवली. हेही तर्काला धरूनच होतं. इसा अखुनबाएव (1908–1975) हे किरगिझस्तानचे नामवंत शल्यविशारद, 1954 मध्ये तिथली विज्ञान अकादमी स्थापन झाली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. सरकारी वैद्यकीय अकॅडमीला त्यांचं नाव आहे, ती ज्या रस्त्यावर आहे त्यालाही त्यांचंच नाव आहे. रोमनमध्ये नुसतं Akhunbaev टाकलं की संस्थेचं नाव वर येणं साहजिक आहे, कारण परदेशी विद्यार्थ्यांमुळे त्या संस्थेचं इंग्रजी नाव पुष्कळ ठिकाणी नोंदलेलं असतं. रस्ता तोच, पण हवा असलेला चौक दुसरीकडे.

रोमन स्पेलिंग एकच का नसतं

‘अखुनबाएवा’ हे नाव सिरिलिकमध्ये एकाच तऱ्हेने लिहितात: `Ахунбаева`. रोमनमध्ये आणताना मात्र `х` साठी kh किंवा h, `е` साठी e किंवा ye, आणि `в` साठी v किंवा (आपल्याकडच्या सवयीने) w असे पर्याय पडतात. तीन जागी दोन-दोन पर्याय म्हणजे आठ स्पेलिंगं झाली: Akhunbaeva, Ahunbaeva, Akhunbayeva, Ahunbayeva आणि हीच चार पुन्हा w घालून. यात शेवटचा ‘आ’ ठेवायचा की काढायचा हा प्रश्न धरला की सोळा.

तो शेवटचा ‘आ’ नीट समजून घ्यायला हवा, कारण पत्ता शोधताना सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच होतो. माणसाचं नाव अखुनबाएव. ‘अखुनबाएवचा रस्ता’ म्हणायचं तर रशियनमध्ये षष्ठी लागते आणि नाव `улица Ахунбаева` होतं. मानस या महाकाव्याच्या नायकाचा रस्ता `проспект Манаса`, लोकगायक तोक्तोगुल यांचा `улица Токтогула`. किरगिझमध्ये मात्र तोच रस्ता `Токтогул көчөсү` असतो, शेवटी ‘आ’ नाही. म्हणजे एकाच पाटीवर वर किरगिझमध्ये ‘तोक्तोगुल’ आणि खाली रशियनमध्ये ‘तोक्तोगुला’ असं दिसू शकतं, आणि नवख्या माणसाला ते दोन वेगळे रस्ते वाटतात.

या ‘आ’चा फायदा असा. तोक्तोगुल नावाचं एक गावही आहे, बिश्केकपासून दूर, जलाल-अबाद प्रांतात, मोठ्या जलाशयाच्या काठी. रोमनमध्ये Toktogul टाकलं की ते गाव किंवा तो जलाशय पुढे येण्याची शक्यता मोठी. `Токтогула` टाकलं की शोध रस्त्याकडेच झुकतो, कारण गावाच्या नावाला षष्ठी नसते. ओशचंही तसंच. बिश्केकच्या पश्चिम भागात ‘ओश बाजार’ आहे आणि ओश नावाचं आख्खं शहर देशाच्या दक्षिणेला, रस्त्याने सहाशेहून जास्त किलोमीटरवर. Osh bazaar असं शोधणाऱ्याला ओश शहरातला बाजार मिळू शकतो. `Ошский рынок` टाकलं की बिश्केकमधला मिळण्याची खात्री बरीच वाढते, कारण रशियनमध्ये ‘ओश्स्की’ हे विशेषण त्या बाजाराचं नाव म्हणूनच रूढ आहे.

रोमन नावं नकाशात येतात ती अनेक हातांनी. काही ॲप सिरिलिक नावावर एक ठरावीक नियम चालवून आपोआप बनवतं, काही दुकानदार स्वतः भरतो, काही एखाद्या प्रवाशाने घातलेली असतात. `Жибек Жолу` या रस्त्याला किरगिझ उच्चाराच्या अंगाने Jibek Jolu लिहिणारे आहेत आणि रशियन अंगाने Zhibek Zholu लिहिणारेही आहेत. लोकांनी मिळून भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एका रस्त्यासाठी वेगवेगळ्या नावांच्या वेगवेगळ्या नोंदी ठेवता येतात:

```
name:ky=Токтогул көчөсү
name:ru=улица Токтогула
name:en=Toktogul Street
```

यांतली `name:en` ही ओळ भरलेली असेलच असं नाही. स्थानिक भाषेतलं नाव मात्र जवळजवळ नेहमी असतं, कारण नकाशा काढणारा पाटी बघूनच काढतो. म्हणून रोमन शोध कधी चालतो, कधी चालत नाही, आणि का चालला नाही ते कळायला मार्ग राहत नाही.

देवनागरीत शोधून बघण्याचा मोह मराठी माणसाला होतोच. ‘बिश्केक’ सापडतं, कारण मोठ्या शहरांची नावं अनेक लिप्यांत भरलेली असतात. गल्लीबोळांसाठी त्याचा उपयोग नाही.

पाटी समोर होती, पण नाव दुसरंच होतं

मुली ज्या ट्रॉलीबस थांब्यावर उतरल्या तिथे एक पाटी होती. तिच्यावर होतं `ул. Байтик Баатыра`. सवेत्स्काया कुठेच नव्हतं. त्यांना सिरिलिक उत्तम वाचता येत असतं तरी इथे अडलंच असतं, कारण हाच तो रस्ता, फक्त त्याचं नाव बदललं आहे.

बिश्केक शहराचं स्वतःचं नावही बदललेलं आहे. 1926 ते 1991 या काळात ते फ्रुंझे होतं. स्वातंत्र्यानंतर रस्त्यांची नावं एकामागून एक बदलत गेली. लेनिनचा हमरस्ता चुई झाला, जेर्झिन्स्कीचा एर्किन्दिक झाला, कार्ल मार्क्सचा युनुसालिएवा झाला, मीर म्हणजे शांततेचा हमरस्ता चिंगिझ आइत्मातोव यांच्या नावाने झाला. सोवेत्स्कायाचे तर दोन तुकडे झाले: शहराच्या मधल्या भागात युसुप अब्द्राख्मानोव आणि दक्षिणेकडे बायतिक बातिर. पण घरमालकिणीच्या वयाची माणसं, टॅक्सीवाले, घरभाड्याच्या जाहिराती, सगळे अजून सोवेत्स्कायाच म्हणतात. मुंबईत सीएसएमटीला ‘व्हीटी’ म्हणणारे आजही भेटतात, तसंच हे.

म्हणून या शहरात पत्ता शोधताना दोन वेगळे प्रश्न वेगळेच ठेवावे लागतात. एक लिपीचा, दुसरा जुन्या-नव्या नावाचा. रोमनमध्ये शोधणाऱ्याची इथे दुहेरी कोंडी होते. नाव सापडलं नाही तर स्पेलिंग चुकलं की नावच जुनं आहे, हे त्याला ठरवता येत नाही, आणि तो स्पेलिंगं बदलत बसतो. सिरिलिकमध्ये नीट लिहिलेलं नाव शहरात सापडलं नाही, तर स्पेलिंगचा संशय बाजूला काढता येतो. उरतं जुनं नाव, आणि ते कुणालाही विचारता येतं.

अक्षरं मिळवायची कुठून

मुलींनी पहिला उपाय केला तो पाटीवरची अक्षरं जशी दिसतात तशी इंग्रजी कीबोर्डवर टाइप करण्याचा. सिरिलिकमधली काही अक्षरं रोमनसारखी दिसतात, पण त्यांचा आवाज वेगळा असतो: `В` म्हणजे व, `Н` म्हणजे न, `Р` म्हणजे र, `С` म्हणजे स, `У` म्हणजे उ, `Х` म्हणजे ख. `РЕСТОРАН` हे आपल्याला PECTOPAH दिसतं. डोळ्यांना फरक कळत नाही, पण फोनच्या दृष्टीने रोमन A आणि सिरिलिक `А` ही दोन निरनिराळी चिन्हं आहेत. युनिकोडमध्ये पहिल्याचा क्रमांक U+0041 आणि दुसऱ्याचा U+0410. त्यामुळे हुबेहूब दिसणारा शब्द टाइप करूनही शोध रिकामा येऊ शकतो. अर्धी अक्षरं एका कीबोर्डवरून आणि अर्धी दुसऱ्यावरून आली तर ती चूक पडद्यावर दिसतसुद्धा नाही.

दुसरा उपाय होता पाटीचा फोटो काढून भाषांतर करण्याचा. भाषांतराचं ॲप इथे जरा जास्तच काम करतं: ते नावाचंही भाषांतर करून टाकतं. `Советская` चं Soviet होतं, `Московская` चं Moscow होतं, `Южные ворота` या वस्तीचं South Gate होतं. अर्थ कळतो, पण त्या अर्थाने नकाशात काहीच सापडत नाही. फोटोतून मजकूर उचलायची सोय याच ॲपमध्ये असते, तिचा उपयोग करायचा तो मूळ सिरिलिक मजकूर कॉपी करण्यासाठी. खालच्या इंग्रजी ओळीला हात लावायचा नाही. छापील पाटीवर हे चांगलं चालतं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर चालत नाही, कारण रशियन हस्ताक्षरात `т` हे m सारखं, `д` हे g सारखं, `и` हे u सारखं आणि `п` हे n सारखं लिहितात. चिठ्ठी घ्यायची वेळ आलीच तर `печатными буквами` हे दोन शब्द दाखवावेत. ‘छापील अक्षरांत’ असा त्याचा अर्थ, आणि तिथली माणसं लगेच तसं लिहून देतात.

शेवटी सीनियर दादाने साधी गोष्ट केली. घरमालकिणीला त्याने पत्ता व्हॉट्सॲपवर लिहून मागितला आणि तो संदेश बोलून न सांगता तसाच मुलींना पुढे पाठवला. संदेश असा होता:

```
Ахунбаева, пер. Советская
```

त्यापुढे घराचा नंबर. आता अक्षरं खुद्द त्या शहरातल्या माणसाच्या हातची होती.

तरी सगळी ओळ एकदम चिकटवल्यावर नीट काही आलं नाही. दोष `пер.` चा. बिश्केकच्या घरभाड्याच्या जाहिरातींत याचा अर्थ ‘छेदतो’ किंवा ‘चौक’ असा असतो. पण पत्त्याच्या नेहमीच्या रशियन पद्धतीत `пер.` हे `переулок` चं, म्हणजे गल्लीचं, लघुरूप आहे. ॲप ‘सोवेत्स्काया गल्ली’ शोधायला जातं. अशा वेळी ओळ तोडायची. फक्त रस्ता आणि घराचा नंबर ठेवायचा, पुढे `Бишкек` लिहायचं, चौकाचा भाग काढून टाकायचा. मुलींनी तसं केलं आणि पिन एका इमारतीवर पडली.

पिन बरोबर आहे हे कसं ओळखायचं

पिन पडली म्हणजे पत्ता सापडला असं होत नाही. इथे बिश्केकची रचना मदतीला येते. शहर चौकटीच्या आखणीवर बसलेलं आहे आणि दक्षिणेला अला-तू पर्वताची बर्फाची रांग आहे. दिवसा आभाळ स्वच्छ असेल तर दक्षिण शोधावी लागत नाही. जमीन दक्षिणेकडे चढत जाते, म्हणून तिथले लोक दक्षिणेला ‘वर’ आणि उत्तरेला ‘खाली’ म्हणतात. अखुनबाएवा हा रस्ता पूर्व-पश्चिम जातो, सोवेत्स्काया उत्तर-दक्षिण. पिन ज्या रस्त्यावर पडली तो नकाशात उभा दिसत असेल, तर नाव जुळत असलं तरी तो अखुनबाएवा नाही.

दुसरी खूण चौकाची. पिनच्या जवळ `Байтик Баатыра` हे नाव दिसायला हवं, कारण सोवेत्स्कायाचं तिथलं आजचं नाव तेच. ते दिसलं, आणि त्यांच्या डोक्यावरच्या पाटीशी अक्षराला अक्षर जुळलं. इथे उच्चार येण्याची गरजच पडली नाही. सुरुवातीचं `Б`, मधलं `й`, दुसऱ्या शब्दात लागोपाठ दोनदा आलेलं `а`, एवढं डोळ्यांनी ताडून बघता आलं की पुरतं. नवीन मुलांना मी पूर्ण वर्णमाला पाठ करायला सांगण्याआधी हे सांगते: फोन पाटीशेजारी धरायचा आणि चित्रं जुळवायची. रोमन नावावर शोधून आलेल्या पिनला हा ताळा घेता येत नाही, कारण पडद्यावर एक लिपी आणि भिंतीवर दुसरी.

मग प्रश्न आला इमारतीच्या आतला. सोव्हिएत पद्धतीच्या लांबलचक इमारतींना अनेक जिने असतात. जिन्याच्या दाराला `подъезд` म्हणतात, आणि फ्लॅटचे नंबर पहिल्या जिन्यापासून शेवटच्या जिन्यापर्यंत सलग जातात. इमारत नऊ मजली आणि मजल्यावर चार फ्लॅट असतील तर एका जिन्यात छत्तीस फ्लॅट. पन्नास नंबर म्हणजे दुसरा जिना, आणि त्यातला चौदावा फ्लॅट. चार-चारने मोजलं तर तो चौथ्या मजल्यावर येतो. पण तिथे जमिनीलगतचा मजला हाच पहिला मजला धरतात, म्हणून आपल्या हिशेबाने तो तिसरा. दाराच्या वर बऱ्याचदा त्या जिन्यातल्या फ्लॅटचे नंबर लिहिलेले असतात, `кв. 37–72` असे. आकडे वाचायला लिपी लागत नाही.

या कामासाठी तिथे 2GIS हे ॲप फार वापरतात. जुनी माणसं त्याला अजून ‘दूबल-गिस’ म्हणतात. रशियातल्या नोवोसिबिर्स्क शहरात निघालेलं हे ॲप आहे. इमारतीचे जिने आणि आत जायच्या वाटा ते दाखवतं, आणि शहराचा नकाशा एकदा उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतं. त्याचे पडदे इंग्रजीत करता येतात, पण शोधाच्या चौकटीत सिरिलिकच टाकावं.

जिथे सिरिलिकही एक नाही

मूळ लिपीत शोधा म्हटलं की प्रश्न सुटला, असं मी म्हणणार नाही. बिश्केकमध्ये सिरिलिक लिपीच्या दोन भाषा आहेत. किरगिझमध्ये रशियनहून तीन अक्षरं जास्त आहेत: `ң`, `ө`, `ү`. शहराचा मुख्य हमरस्ता किरगिझमध्ये `Чүй`, रशियनमध्ये `Чуй`. शहरातून वाहणारी नदी किरगिझमध्ये `Аламүдүн`, रशियनमध्ये `Аламедин`. `Жалал-Абад` आणि `Джалал-Абад` हा एकच प्रांत, `Жал` आणि `Джал` ही एकच वस्ती. रशियन कीबोर्डवर ती तीन अक्षरं नाहीत. किरगिझ लोकही घाईत `ө` ऐवजी साधं `о` लिहितात. त्यामुळे पाटीवरून शोधायचं तर पाटीवर दोन ओळी असतात तेव्हा रशियन ओळ उचलावी. ती नाही सापडली तरच किरगिझ ओळ घ्यावी आणि त्यासाठी किरगिझ कीबोर्ड फोनमध्ये घालून ठेवावा.

दुसरी मर्यादा आकड्यांच्या वस्त्यांची. शहराच्या दक्षिणेला `микрорайон` नावाच्या वसाहती आहेत, त्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत: पाचवा, सातवा, अकरावा. त्यांतल्या पुष्कळ घरांच्या पत्त्यात रस्ताच नसतो, वसाहतीचा क्रमांक आणि घराचा क्रमांक एवढंच असतं. अशा ठिकाणी जवळच्या रस्त्याचं नाव घालून शोधलं तर शोध बिघडतो. `5 мкр` आणि पुढे घराचा आकडा असं लिहावं, आणि आलेल्या उत्तरात दोन आकड्यांची अदलाबदल झालेली नाही हे बघावं.

आणि काही जागांसाठी रोमनच बरं. भारतीय मेस, मसाल्याची दुकानं, परदेशी मुलांची होस्टेलं, नव्या कॅफेंची नावं मालकांनी स्वतः इंग्रजीत नोंदवलेली असतात. ती सिरिलिकमध्ये शोधायला गेलं तर उलटा त्रास होतो, कारण इंग्रजी नाव सिरिलिकमध्ये लिहायच्याही चार तऱ्हा असतात. मी विचारते ते एवढंच: ही जागा नकाशात कुणी भरली असेल? रस्ता, वसाहत, बाजार, सरकारी दवाखाना, शाळा हे स्थानिक माणसाने भरलेलं असतं, ते त्याच्या लिपीत शोधावं. मालकाने आपल्या गिऱ्हाइकासाठी भरलेलं असेल तर गिऱ्हाइकाच्या लिपीत.

मुलींनी तो फ्लॅट घेतला. राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी तिने आपला पत्ता सिरिलिकमध्ये फोनच्या नोंदवहीत दोनदा लिहून ठेवला, एकदा अखुनबाएवा आणि घराचा नंबर एवढाच, आणि एकदा सोबत सोवेत्स्कायाचा चौक घालून. टॅक्सी ॲपमध्ये पहिला चिकटवायचा, टॅक्सीवाल्याला फोनवर दुसरा वाचून दाखवायचा. खाली तिने जिना, मजला आणि दाराच्या कुलपाचा आकडा देवनागरीत लिहिला, तो फक्त स्वतःसाठी. तीच नोंद पुढे तिने त्या बिल्डिंगमध्ये आलेल्या नव्या मुलींना दिली, कुलपाचा आकडा वगळून.

शहराच्या कडेला अर्चा-बेशिक, अक-ओर्गो अशा नव्या वस्त्या आहेत. तिथे अजून ही पद्धत अपुरी पडते. नावं किरगिझ, घरांचे नंबर सलग नाहीत, काही गल्ल्यांना पाटीच नाही. तिथल्या माणसाकडून लोकेशनची पिनच मागावी, आणि सोबत गेटचा फोटो.